मदत हवी आहे: रणगाड्याची तिरकी प्लेट वजन वाचवते का नक्की?

धुरळा_७२:
मंडळी, एका व्याख्यानासाठी एक्सेल बनवतोय, टी-34 च्या पुढच्या चिलखतावर अडकलोय. प्लेट 45 मिमीची. एका ठिकाणी कोन 60 अंश दिलाय, दुसरीकडे 30. आणि दुसरं म्हणजे सगळीकडे लिहिलेलं असतं की तिरकं केलं की कमी लोखंडात जास्त संरक्षण मिळतं, पण मी हिशोब केला तर वजन तर तेवढंच येतंय राव! काय चुकतंय?

कोपऱ्यावरचा:
दोन्ही कोन बरोबर आहेत. उभ्या रेषेपासून मोजला तर 60, जमिनीपासून मोजला तर 30. तुम्ही उभ्यापासूनचा घ्या आणि cos लावा, 45 / cos(60°) = 90 मिमी. झालं, बाकी काही नाही त्यात. पाण्यावर चपटा दगड मारला की कसा टप्पे घेत जातो तसा गोळा घसरून जातो.

नगरकर:
आमच्याकडे नगरच्या टँक म्युझियममध्ये पॅटन आहे, जाऊन बघा, पुढचा भाग नुसता गोलाकार ओतलेला आहे, एकही सपाट जागा सापडत नाही. माझा पोरगा गेममध्ये टायगर घेतो आणि मुद्दाम तिरका उभा करतो, त्याचं काय गणित ते सांगा ना कुणीतरी.

निवृत्त_वर्कशॉप:
धुरळा, तुमचा हिशोब बरोबर आहे, ते वाक्य अर्धवट आहे. एक मीटर उंचीचा समोरचा भाग झाकायचाय असं धरा, रुंदी पण एक मीटर. 60 अंशात कललेली प्लेट तेवढी उंची झाकायला दोन मीटर लांब लागते, म्हणजे 0.045 × 2 = 0.09 घनमीटर पोलाद, सातशे किलोच्या आसपास. उभी 90 मिमीची प्लेट लावली तरी 0.09 च. त्यामुळे नुसता cos लावून फायदा काहीच दिसणार नाही.

फायदा येतो तो गोळ्याच्या वागण्यातून. तिरक्या प्लेटला गोळा टेकला की त्याच्या नाकाच्या एका बाजूला जास्त पोलाद असतं, दुसऱ्या बाजूला कमी, त्यामुळे तो सरळ जात नाही, वळतो, कधी आडवा होतो, कधी मोडतो. त्या काळच्या चिलखतभेदी गोळ्याला 60 अंशातली जाड प्लेट प्रत्यक्षात दुपटीपेक्षा जास्त भारी पडायची. म्हणून कोपऱ्यावरचा जे म्हणाला ते अर्धंच खरं, 90 हा खालचा आकडा समजा.

पण यात एक मेख आहे. प्लेट गोळ्याच्या व्यासापेक्षा खूप पातळ असेल तर गोळा वळण्याआधी प्लेटच मोडते. 45 मिमीवर 37 किंवा 50 मिमीचा गोळा आला तर उताराचा पूर्ण फायदा, 88 मिमीचा आला तर तो फायदा बराच कमी होतो. 1941 ला जर्मनांची पंचाईत झाली आणि 1943 ला तेवढी नाही, त्याचं एक मोठं कारण हे.

धुरळा_७२:
ओह, म्हणजे व्यासाचा कॉलम हवा. आणि रणगाडा चढावर असेल तर?

निवृत्त_वर्कशॉप:
नाक 10 अंश वर झालं तर 60 चे 70 होतात, 45 / cos(70°) म्हणजे साधारण 132. पण पोटाकडची बाजू उघडी पडते. आणि खड्ड्यात नाक खाली गेलं की 50 अंश, फक्त 70 मिमी! गोळा जमिनीला समांतर येतोय असं धरून हं. नगरकर, तुमच्या पोराचं गणित पण हेच, दोन्ही कोनांच्या cos चा गुणाकार. टी-34 30 अंश वळवून उभा केला तर 45 / (cos(60°) × cos(30°)) = 104. टायगरचं पुढचं 100 मिमीचं चिलखत जवळपास उभंच, म्हणून त्याला वळवून उभं करण्यात जास्त अर्थ. फार वळवलं तर 80 ची बाजू समोर येते, तेव्हा पोराला सांगा बेतानं.

कोपऱ्यावरचा:
मग अर्जुनचा टरेट सपाट कशाला ठेवला? उताराचा जमाना गेला म्हणूनच ना?

निवृत्त_वर्कशॉप:
टरेटबद्दल थोडं बरोबर. आत कांचन चिलखत आहे, ते थरांचं, त्याला जाडी आणि जागा लागते. शिवाय आताचा बाणासारखा लांब, बारीक गोळा फार तिरक्या कोनालाच घसरतो, 60 ला तो सरळ घुसतो. पण टी-72 ची पुढची प्लेट बघा, 68 अंश. उतार गेलेला नाही.

आणि किंमत पण मोजावी लागते बरं का. टी-34 च्या बाजू तिरक्या, त्यामुळे आत खांद्याजवळ जागा आखूड, आणि ड्रायव्हरचं झाकण त्या पुढच्याच प्लेटमध्ये कापलेलं, म्हणजे सगळ्यात भक्कम ठिकाणी भोक. पँथरनं ते छपरावर नेलं, प्लेट 80 मिमी आणि 55 अंश, करा बघू हिशोब.

धुरळा_७२:
139.5 आलं. पण व्यास आणि जाडी यांचं किती प्रमाण झालं की उताराचा फायदा संपतो? एक्सेलमध्ये एक आकडा टाकायचाय.

निवृत्त_वर्कशॉप:
एक आकडा नाही टाकता येणार. टोकदार नाक, बोथट नाक, वर टोपी आहे की नाही, पोलाद ठिसूळ की चिवट, सगळ्यांनी फरक पडतो. दोन-तीन रेषांचा आलेख काढा.

नगरकर:
पोरगा म्हणतोय गेममध्ये तीनपटीला संपतो. खरं की खोटं?