ऑथेंटिकेटरची मंजुरी स्क्रीनवर येत नाही, मदत हवी आहे

ऑफिसच्या लॅपटॉपवर लॉगिन करताना ऑथेंटिकेटर ॲपची मंजुरीची सूचना अँड्रॉइड फोनवर येत नाही. ॲप हाताने उघडलं की विनंती लगेच समोर दिसते, म्हणजे नेट आणि खातं ठीक आहे. स्क्रीन चालू असताना सूचना येते, फोन बराच वेळ पडून राहिला की अडकते.

नोटिफिकेशनची परवानगी चालू आहे, डू नॉट डिस्टर्ब बंद आहे, ॲपची बॅटरी 'अनरिस्ट्रिक्टेड' केली, ऑटोस्टार्टही दिलं. ॲप काढून पुन्हा टाकायचं तर ऑफिसकडून नव्याने नोंदणी करावी लागेल, म्हणून ते टाळतोय.

इकडे अमळनेरला लाइट जाते, म्हणून बॅटरी सेव्हर कायम चालू ठेवतो. 'अनरिस्ट्रिक्टेड' असूनही बॅटरी सेव्हरमुळे सूचना अडते का, की आणखी कुठली सेटिंग बघू?