पुतण्याने काकाला पाठवलेल्या पैशांवर कर लागतो का?

प्रेषक: योगेश, न्यू जर्सी
विषय: काकांना घरासाठी पैसे पाठवायचे आहेत

मंडळी, नमस्कार.

माझे काका अमळनेरला असतात, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेत. मी शाळेत असतानाच वडील गेले. पुढे माझं सगळं शिक्षण, पुण्याची फी, मेसचे पैसे काकांनी पाहिलं. आता त्यांच्या धाब्याच्या घराची दोन खणं पावसाळ्यात गळतात. लाकूड इतकं कुजलंय की बोट लावलं तर भुसा पडतो. ते उतरवून स्लॅब टाकायचा म्हटलं तर मिस्त्रीचा अंदाज बारा लाखांचा आहे. हे पैसे मी द्यायचे ठरवलेत. शिवाय आखाजीनंतर काकांच्या मुलीचं लग्न आहे, तिला वेगळे तीन लाख द्यायचे आहेत.

काकांच्या ओळखीच्या एकाने त्यांना सांगितलं की पुतण्याकडून एवढी रक्कम घेतली तर आयकराची नोटीस येते. काका घाबरलेत, 'पैसे नको पाठवू' म्हणतात. सख्ख्या काकाला दिलेल्या पैशावर कर कसा लागेल? कुणाला नक्की माहीत असेल तर सांगा.

---

प्रेषक: प्रशांत, ह्यूस्टन
विषय: उत्तर: काकांना घरासाठी पैसे पाठवायचे आहेत

योगेश भो, काही घाबरायचं कारण नाही. नातेवाइकांत भेटीवर कर नसतो, रकमेची मर्यादाही नसते. माझ्या धुळ्याच्या मामांनी मी भारतात होतो तेव्हा फ्लॅटसाठी वीस लाख दिले होते. आमच्या सीएने रिटर्न भरताना स्वच्छ सांगितलं की मामा नातेवाईक, कर शून्य. मामा चालतो तर काका का नाही चालणार?

तरी मनात शंका असेल तर पैसे पाठवताना बँकेच्या फॉर्मवर `P1301`, म्हणजे कुटुंबाच्या खर्चासाठी, हा कोड टाक. आणि लग्न आहेच घरात. सगळी रक्कम लग्नाचा आहेर म्हणून काकांच्या खात्यात टाक, लग्नातल्या भेटी माफ असतात. अगदी लागलाच तर पन्नास हजारांच्या वर जेवढे जातील तेवढ्यावरच लागेल.

---

प्रेषक: अनिता, डॅलस
विषय: उत्तर: उत्तर: काकांना घरासाठी पैसे पाठवायचे आहेत

योगेश, इकडे येण्याआधी मी जळगावला सीए म्हणून प्रॅक्टिस करत होते आणि हा प्रश्न तिथेही दर वर्षी यायचा. प्रशांतच्या मामांचं उदाहरण बरोबर आहे. ते तुला लागू पडत नाही, कारण पैसा उलट्या दिशेने चाललाय.

कलम ५६(२)(एक्स) नातं पाहतं ते घेणाऱ्याच्या बाजूने. घेणाऱ्याचा नवरा किंवा बायको, त्याचे स्वतःचे भाऊबहीण, जोडीदाराचे भाऊबहीण, आईवडिलांचे भाऊबहीण, त्याच्या आणि जोडीदाराच्या सरळ वंशातले वरचे आणि खालचे लोक, आणि या सगळ्यांचे जोडीदार, एवढीच यादी आहे. प्रशांत घेणारा होता. त्याच्या आईचा भाऊ यादीत आहे, म्हणून माफ. उद्या प्रशांतने त्याच मामांना वीस लाख परत भेट दिले, तर मामा घेणारे होतील. मामांच्या यादीत बहीण आहे, बहिणीचा नवरा आहे, बहिणीचा मुलगा नाही. तुझ्या काकांच्या यादीतही भाऊ आहे, भावाचा मुलगा नाही. त्यामुळे काकांनी तुझ्या शिक्षणावर कितीही खर्च केला तरी कायद्याला हरकत नव्हती, पण तू त्यांना दिलेले पैसे परक्याने दिल्यासारखे धरले जातात. आपल्याकडे काका-पुतण्याचं नातं काय असतं ते मी वेगळं सांगायला नको. मला हा नियम अन्यायाचाच वाटतो, पण मजकूर स्पष्ट आहे.

पन्नास हजारांचा मुद्दाही महत्त्वाचा आहे. यादीबाहेरच्या सगळ्यांकडून मिळून वर्षात पन्नास हजारांपर्यंत आले तर काही नाही. ही रेषा ओलांडली की वरचा भाग नव्हे, पहिल्या रुपयापासून पूर्ण रक्कम उत्पन्नात जाते. बारा लाख आले तर बाराच्या बारा.

लग्नाची सूट फक्त ज्याचं लग्न आहे त्याला आहे. वधूला मिळालेली भेट माफ, मग ती पुतण्याची असो, शेजाऱ्याची असो की व्याह्यांची. वधूच्या बापाच्या खात्यात आलेले पैसे या सुटीत येत नाहीत. म्हणून बहिणीचे तीन लाख तिच्याच नावाच्या खात्यात, लग्नाच्या सुमारास टाक आणि लग्नपत्रिका जपून ठेव. तेवढा भाग सुटला. वास्तुशांत, बारसं, मुंज, साठी, वाढदिवस यांना अशी सूट नाही.

आणि बँकेचा कोड रिझर्व्ह बँकेच्या हिशेबासाठी असतो. तू भेट देतोयस तर `P1302` टाक. `P1301` टाकल्याने काका यादीत येत नाहीत, उलट उद्या विचारणा झाली तर कागद एक म्हणतो आणि तुम्ही दुसरं, असं होतं.

आता मला दोन गोष्टी सांग. काकांचं पेन्शन किती, आणि त्यांचं दुसरं उत्पन्न काय?

---

प्रेषक: आप्पा, सध्या मुलाकडे, फ्रीमाँट
विषय: उत्तर: काकांना घरासाठी पैसे पाठवायचे आहेत

राम राम. विषय निघालाच आहे तर माझंही विचारतो. रावेरला माझ्या मेहुण्याची केळीची बाग आहे. त्याला मूलबाळ नाही. तीन एकर तो माझ्या मुलाच्या, म्हणजे त्याच्या भाच्याच्या नावावर बक्षीसपत्राने करायचं म्हणतो. मुलगा आता अमेरिकेचा नागरिक आहे. मामा ते भाचा म्हणजे कर नाही, असं वरच्या मेलवरून मी समजलो. मग रजिस्ट्री करून घेऊ ना?

---

प्रेषक: अनिता, डॅलस
विषय: उत्तर: काकांना घरासाठी पैसे पाठवायचे आहेत

आप्पा, कराचं तुम्ही बरोबर समजलात, पण रजिस्ट्री करू नका. परदेशस्थ भारतीयाला किंवा ओसीआयधारकाला शेतजमीन भेट म्हणून घेता येत नाही, तो परकीय चलन कायद्याचा नियम आहे. वारसाने मिळू शकते. मेहुण्यांना मृत्युपत्राबद्दल रावेरच्याच वकिलाशी बोलू द्या. योगेशचा विषय वेगळा आहे, तो आधी पुरा करू.

---

प्रेषक: योगेश, न्यू जर्सी
विषय: उत्तर: काकांना घरासाठी पैसे पाठवायचे आहेत

ताई, एवढं सविस्तर लिहिलंत, आभारी आहे. पेन्शन महिना ३५,०००. बँकेतल्या ठेवीचं व्याज वर्षाला तीसेक हजार. शेती नाही, शेअर नाहीत. काकांनी रिटर्न कधी भरलेलं नाही.

---

प्रेषक: अनिता, डॅलस
विषय: उत्तर: काकांना घरासाठी पैसे पाठवायचे आहेत

मग तुझ्या काकांची भीती बऱ्याच अंशी जाईल, पण पैसे कधी पाठवतोस त्यावर सगळं आहे.

भेटीची रक्कम 'इतर उत्पन्न' म्हणून नेहमीच्याच दरांनी मोजली जाते, लॉटरीसारखा वेगळा दर नाही. आणि नव्या करपद्धतीत २०२५-२६ साठी करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर सवलतीने कर शून्य होतो. काकांचं पेन्शन वर्षाला ४,२०,०००. त्यातून प्रमाणित वजावट ७५,००० गेली की ३,४५,००० उरतात. व्याजाचे ३०,००० धरले की ३,७५,०००. आता तू बारा लाख एकदम पाठवलेस तर बेरीज १५,७५,००० होते, सवलत पूर्ण जाते, आणि उपकरासह कर १,२०,९०० येतो.

तेच बारा लाख दोन आर्थिक वर्षांत टाक. सहा लाख ३१ मार्चच्या आत काकांच्या खात्यात जमा होऊ देत आणि सहा लाख एप्रिलमध्ये. दोन्ही वर्षी उत्पन्न ९,७५,००० राहील. ते १२ लाखांच्या आत आहे, म्हणजे या वर्षी कर नाही, आणि दर आणि सवलत तीच धरली तर पुढच्याही वर्षी नाही. जमा होण्याची तारीख मोजायची, तू इकडून पाठवल्याची नाही. त्यामुळे मार्चच्या शेवटच्या आठवड्यावर ठेवू नकोस, मधल्या बँकेत पैसे अडकतात. स्लॅबचं काम तसंही एका महिन्यात संपत नाही, मिस्त्री हप्त्यानेच पैसे मागेल.

मात्र दोन्ही वर्षी काकांनी रिटर्न भरलंच पाहिजे. उत्पन्न चार लाखांच्या वर गेलं की कर शून्य असला तरी रिटर्न भरावंच लागतं. भेट त्यात दाखवायची, लपवायची नाही. परदेशातून आलेली रक्कम बँकेकडून आयकर खात्याला कळू शकते. रिटर्न न भरल्याने जी नोटीस येते तिचीच काकांना धास्ती आहे. जुनी करपद्धत निवडू नका, तिथे सवलत पाच लाखांवरच थांबते. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू होतो, तरी नातेवाइकांची व्याख्या तीच आहे.

एक साधं पत्र कर. 'मी अमुक, नातं पुतण्या, भेट म्हणून अमुक रक्कम, परत घेणार नाही', खाली तुझी आणि काकांची सही. पत्राने कर माफ होत नाही, पण पैसा कुठून आला हे विचारलं तर ते, तुझं बँक स्टेटमेंट आणि पगाराचा पुरावा एवढं पुरतं. अमेरिकेच्या बाजूने २०२५ आणि २०२६ दोन्हींसाठी एका व्यक्तीला वर्षाला १९,००० डॉलरपर्यंत तुला काही कळवावं लागत नाही आणि तुझी रक्कम त्याच्या आत बसते.

---

प्रेषक: प्रशांत, ह्यूस्टन
विषय: उत्तर: काकांना घरासाठी पैसे पाठवायचे आहेत

ताई, दिशेचा मुद्दा पटला. पण दोन वर्षं थांबायचं आणि दोन रिटर्न भरायची यापेक्षा सोपा रस्ता आहे. योगेशने पैसे आईला द्यावेत, मुलगा ते आई माफ. आईने दिराला द्यावेत. भावाची बायको यादीत आहेच. पूर्ण बारा लाख एका दिवसात होतील.

---

प्रेषक: मनीषा, टोरांटो
विषय: उत्तर: काकांना घरासाठी पैसे पाठवायचे आहेत

किंवा मिस्त्रीलाच थेट पैसे द्या. काकांच्या हातात रक्कम आलीच नाही तर त्यांना भेट मिळाली असं कोण म्हणणार? माझ्या आत्याच्या ऑपरेशनला मी चोपड्यातून थेट दवाखान्यात भरणा करवला होता, कुणी काही विचारलं नाही.

---

प्रेषक: अनिता, डॅलस
विषय: उत्तर: काकांना घरासाठी पैसे पाठवायचे आहेत

प्रशांत, एरवी हा रस्ता कागदावर बसतो. इथे दोन अडचणी आहेत. योगेशचे वडील हयात नाहीत. भाऊ गेल्यावर त्याची विधवा 'भावाची जोडीदार' राहते का, यावर मी छातीठोक उत्तर देणार नाही, दोन्ही बाजूंनी बोलता येतं. दुसरं, सोमवारी बारा लाख आईच्या खात्यात आणि मंगळवारी तेच बारा लाख दिराच्या खात्यात, असं पासबुक दिसलं तर अधिकारी म्हणेल की खरी भेट पुतण्याचीच आहे. आईने स्वतःच्या जुन्या ठेवीतून दिले तर गोष्ट वेगळी.

मनीषा, थेट भरण्यावर मतं दोन आहेत. काकांचं देणं तू फेडलंस म्हणजे त्यांनाच पैसे मिळाले, असा युक्तिवाद होतो. दवाखान्यासाठी मी तो धोका पत्करेन. इथे शून्य कराचा सरळ मार्ग हातात असताना नाही पत्करणार.

---

प्रेषक: योगेश, न्यू जर्सी
विषय: उत्तर: काकांना घरासाठी पैसे पाठवायचे आहेत

काल काकांशी बोललो. पहिले सहा लाख या आठवड्यात `P1302` टाकून पाठवतोय, बाकीचे एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात. बहिणीचं खातं तिच्या आईबरोबर जोडनावाने आहे, म्हणून तिला फक्त स्वतःच्या नावाचं नवं खातं उघडायला सांगितलंय. रिटर्नसाठी अमळनेरच्या सीएकडे काका पेन्शनची कागदपत्रं घेऊन शनिवारी जाणार आहेत. आईच्या रस्त्याबद्दल त्या सीएचं मत प्रशांतसारखंच आहे, तो म्हणतो विधवा वहिनी नातेवाईकच. तरी मी हप्त्यांनीच पाठवतोय.