दिवसपाळी, दुसरी पाळी आणि रोजच्या स्टँडअपची एकच वेळ

टीमलीड, धुळे (मूळ पोस्ट)
आमच्या नऊ जणांच्या टीममध्ये पाच जण सकाळी 9:30 ते 6:30 आणि चार जण दुपारी 2 ते रात्री 11 असे काम करतात. मी स्टँडअप सकाळी 10 वाजता ठेवले आहे. दुसऱ्या पाळीच्या लोकांनी फक्त पंधरा मिनिटे घरून जोडले जायचे आहे, तरी रोज कुरकुर ऐकावी लागते. पंधरा मिनिटांनी असे काय बिघडते?

तापीकाठ, भुसावळ
मी सहा वर्षे दुसऱ्या पाळीत टेस्टिंग करते आहे. ऑफिस जळगावला आणि घर भुसावळला असल्यामुळे रात्री घरी पोहोचायला बारा वाजतात. तरीही झोपेचे गाऱ्हाणे मी येथे मांडणार नाही, कारण त्यावर कोणीतरी लगेच लवकर झोपण्याचा सल्ला देईल. माझा मुद्दा वेगळा आहे. सकाळी दहाला मी जे सांगते ते दुपारी दोनला खरे उरलेले नसते.

आमच्या टीममधला एका गुरुवारचा प्रसंग सांगते. दहाच्या स्टँडअपमध्ये मी सांगितले की आज रिफंडचा स्क्रीन तपासणार आहे, आणि सर्वांनी मान डोलावली. साडेबाराला क्लायंटने रिफंड या रिलीजमधून काढले आणि त्याऐवजी इन्व्हॉइसमधली कराची चूक दुरुस्त करून मागितली. दिवसपाळीच्या लोकांनी आपसांत बोलून कामे बदलली, दुपारपर्यंत नवी बिल्डही टाकली. मला मात्र कोणी कळवले नाही, कारण प्रत्येकाच्या मनात आजचे स्टँडअप झालेले होते. मी दोनला येऊन रिफंड तपासत बसले. पावणेसहाला एक सहकारी बॅग भरता भरता म्हणाला, "ताई, इन्व्हॉइसचे झाले का?" माझे पावणेचार तास वाया गेले होते आणि डेव्हलपर हाताशी असण्याचा फक्त पाऊण तास उरला होता. रात्री आठला मला इन्व्हॉइसमध्ये चूक सापडली, पण ती दुरुस्त करणारा माणूस घरी गेलेला होता. दुसऱ्या दिवशीचे रिलीज अडकले, आणि त्याचे कारण म्हणून टेस्टिंगला उशीर झाल्याचे लिहिले गेले. ते वाक्य मी अजून विसरलेले नाही.

त्यामुळे वेळ ठरवताना दोन कडा पाहाव्या लागतात. पहिली कड म्हणजे दुसऱ्या पाळीचा माणूस येऊन, बोर्ड आणि मेल वाचून, बोलण्याजोगा होतो ती वेळ. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी दीड-दोनच्या उन्हात तोंडाला रुमाल बांधून दुचाकीवरून आलेला माणूस दोनच्या ठोक्याला काही सांगू शकत नाही, म्हणून अर्धा तास धरावा. दुसरी कड म्हणजे स्टँडअपमध्ये निघालेली अडचण दिवसपाळीचा माणूस घरी जाण्यापूर्वी सोडवू शकेल इतका वेळ मागे उरणे. सायंकाळी सहाला स्टँडअप ठेवले तर दोन्ही पाळ्या हजर असतात, परंतु अडचण ऐकणारा माणूस उठण्याच्या तयारीत असतो. तुमच्या टीमला 2:30 ही वेळ दोन्ही कडांमध्ये बसते, कारण त्यानंतर सामाईक चार तास शिल्लक राहतात. शिवाय ती वेळ नऊही जणांच्या पगाराच्या तासांत येते, आणि मला ही बाब गौण वाटत नाही.

नियमाने चला, चाळीसगाव
ताई, आपला अनुभव मान्य आहे, पण स्टँडअप हा दिवसाची आखणी करण्यासाठी असतो आणि म्हणूनच तो सकाळी घ्यायचा असतो. स्क्रम गाइडमध्ये रोज एकाच वेळी, एकाच ठिकाणी, पंधरा मिनिटे असे स्पष्ट लिहिलेले आहे. अर्धा दिवस संपल्यावर "आज काय करणार" असे विचारण्यात काय अर्थ आहे?

तापीकाठ, भुसावळ
एकच वेळ आणि पंधरा मिनिटे हे बरोबर आहे. सकाळ मात्र त्यात कोठेही नाही. ती आपण सवयीने घातलेली आहे. ज्या तीन प्रश्नांमुळे "काल" आणि "आज" हे शब्द आले, ते प्रश्नही 2020 च्या आवृत्तीतून काढलेले आहेत. आम्ही वेळ बदलली तेव्हा पहिले काही दिवस खरोखरच गोंधळ झाला, कारण दिवसपाळीच्या माणसाचे "आज" निम्मे झालेले असे आणि माझे नुकते सुरू झालेले असे. मग आम्ही दोन्ही शब्द सोडून दिले आणि मागच्या स्टँडअपपासून काय झाले व पुढच्या स्टँडअपपर्यंत काय होईल एवढेच बोलू लागलो. आखणी चोवीस तासांचीच राहते, फक्त ती अडीच ते अडीच अशी मोजायची.

दिवसपाळीचा डेव्हलपर, जळगाव
दुसऱ्या पाळीच्या सोयीसाठी आमची दुपार कापायची, असा या चर्चेचा अर्थ दिसतो. माझी सकाळ कॉल आणि मेलमध्ये जाते. जेवण आटोपून मी पावणेदोनला बसतो तो थेट पाचपर्यंत, आणि दिवसभरात सलग कोड लिहिण्याची माझी तेवढीच वेळ असते. अडीचला बैठक ठेवली की सव्वादोनपासून लक्ष घड्याळाकडे लागते आणि तीनपर्यंत पुन्हा सूर लागत नाही. आमच्याकडे हे चार महिने चालले होते आणि त्या काळात मी सलग काम घरी जाऊन रात्री केले. त्याची नोंद कोणी ठेवली नाही, कारण दिवसपाळीवाल्याला त्रास होतो हेच कोणाला मान्य नसते.

तापीकाठ, भुसावळ
तुम्ही तुमच्या पाळीतली पंधरा मिनिटे कोठे असावीत याबद्दल बोलत आहात आणि मी माझ्या पाळीबाहेरच्या वेळेबद्दल बोलत आहे. ही दोन गाऱ्हाणी सारखी नाहीत. मी तीन आठवडे वहीत टिपून ठेवले होते. लॅपटॉप उघडणे, व्हीपीएन लागणे, बोर्ड वाचणे आणि शेवटी "ताई, दोन मिनिटे थांबा" हे सर्व धरून पंधरापैकी अकरा दिवस माझा अर्ध्या तासाहून अधिक वेळ गेला.

दिवसपाळीचा डेव्हलपर, जळगाव
रात्री घरी केलेले माझे काम पाळीबाहेरचेच होते. आपण माझे वाक्य अर्धेच वाचलेत.

निवृत्त ऑपरेटर, भुसावळ
मी वीजनिर्मिती केंद्रात तीन पाळ्यांमध्ये आयुष्य काढले आहे, म्हणून लिहितो. आमच्याकडे पुढचा माणूस आल्याशिवाय पॅनेल सोडता येत नसे. लॉगबुकात मीटरची रीडिंग भरलेली असत, कोणता पंप बंद आहे, कोणते परमिट चालू आहे हे लिहिलेले असे, आणि चार्ज घेणारा वाचून सही करी. त्यासाठी नऊ माणसे उभी करून बैठक घेण्याची कधी गरज पडली नाही. तुम्ही मुले पाळी बदलताना सरळ चार्ज का देत नाही?

तापीकाठ, भुसावळ
आबा, तुमचे चार्ज देणे आणि आमचे स्टँडअप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्याकडे एक माणूस उठतो आणि त्याच जागी दुसरा बसतो. आमच्याकडे दोन्ही पाळ्या साडेचार तास शेजारी बसून वेगवेगळी कामे करतात, आणि रात्री अकराला मी उठते तेव्हा माझ्या जागी कोणीच येत नाही. सकाळी साडेनऊपर्यंत सर्व बंद असते.

निवृत्त ऑपरेटर, भुसावळ
म्हणजे साडेदहा तास पॅनेलवर कोणी नाही. मग तुम्हाला लॉगबुक आमच्यापेक्षा अधिक लागते, बाळा. आमच्याकडे लिहिण्यात काही राहिले तर जाणारा माणूस तोंडी तरी सांगत असे.

नियमाने चला, चाळीसगाव
आबांनी नेमके बोट ठेवले. रात्री नऊला ताईंचे काम सर्व्हरच्या परवानगीअभावी अडले, तर अडीचच्या स्टँडअपमध्ये ते कळायला साडेसतरा तास लागतील. सकाळी दहाला स्टँडअप असेल तर तेच तेरा तासांत कळते आणि ताई येईपर्यंत परवानगी मिळालेलीही असते. सकाळच्या वेळेचा हा लाभ आपण मोजलाच नाही.

तापीकाठ, भुसावळ
हे मला मान्य करावेच लागेल, मी ते मोजले नव्हते. पण त्यासाठी मला सकाळी जागेवर बसवायचे कारण नाही, रात्रीची नोंद पुरते. आमच्याकडे रात्री 10:45 ला दुसऱ्या पाळीतला एक जण टीमच्या चॅनेलवर नोंद टाकतो. सुरुवातीला त्या नोंदी निरुपयोगी होत्या, कारण "टेस्टिंग चालू आहे, थोडा इश्यू आहे" असे लिहिले जाई आणि सकाळी वाचणाऱ्याला त्यातून काही करता येत नसे. आता काय पूर्ण झाले, काय कोणत्या ठिकाणी अडले आणि सकाळी कोणी काय करायचे हे लिहिल्याशिवाय नोंद धरत नाही. उदाहरणार्थ: "इन्व्हॉइसची यादी तपासून झाली. पीडीएफ उतरवताना स्टेजिंगवर परवानगी नाकारली जाते, स्क्रीनशॉट तिकिटात आहे. डेटाबेस पाहणाऱ्याने दुपारी दोनच्या आत परवानगी द्यावी, म्हणजे मी आल्याबरोबर पुढे जाईन."

लिहिण्यापेक्षा वाचण्यातच हे अधिक वेळा फसते. दिवसपाळीतला त्या आठवड्याचा एक ठरलेला माणूस दहाच्या आत नोंद वाचतो आणि तिच्याखाली "वाचले" असे लिहितो. आबांची सही म्हणा. हे नाव ठरलेले नव्हते तेव्हा प्रत्येकाला वाटे की दुसऱ्याने वाचले असेल.

दिवसपाळीचा डेव्हलपर, जळगाव
म्हणजे वाचण्याचे कामही आमच्याकडेच आले. तरीही सांगतो, रात्रीची अडचण अशी नावासकट लिहिलेली मिळत असेल तर माझा सकाळचा शोधाशोधीचा वेळ वाचेल, एवढे मी मान्य करतो. अडीचला मी येईन. पण दोघांचा वाद तेथे सुरू झाला तर तो त्या दोघांनी नंतर बसून मिटवावा. पावणेतीनला मी उठणार, आणि त्याचे कोणी वाईट वाटून घेऊ नये.

अमेरिकन क्लायंट, नंदुरबार
आपण सर्व जण एक गोष्ट विसरत आहात. आमचा क्लायंट न्यूयॉर्कचा आहे. त्यांची सकाळची दहाची बैठक उन्हाळ्यात आपल्या साडेसातला असते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळे मागे गेली की साडेआठला येते. मग आमची दुसरी पाळी 3 ते 12 होते आणि सामाईक वेळ साडेचार तासांवरून साडेतीन तासांवर येते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी सर्व पुन्हा उलटते. गेल्या वर्षी स्टँडअपचे कॅलेंडर निमंत्रण क्लायंटच्या वेळेत तयार केलेले होते, त्यामुळे नोव्हेंबरच्या त्या सोमवारी ते आपोआप एक तास पुढे सरकले, आणि निम्मे लोक जुन्या वेळेला येऊन रिकाम्या कॉलमध्ये बसून राहिले. निमंत्रण `Asia/Kolkata` या वेळेतच तयार करावे, हे मी तेव्हा शिकलो. पण पाळीच सरकली तर स्टँडअपची वेळ सरकवावी की वर्षभर साडेतीनच धरावी, यावर आमच्याकडे अजून भांडण चालू आहे.

टीमलीड, धुळे
मी दहाची वेळ आळसाने ठरवलेली नव्हती. साडेदहाला मला वरिष्ठांना स्थिती सांगावी लागते, म्हणून ती ठरवली होती. येथे मला जे सुनावले गेले त्यातले काही अन्यायाचे होते. तरीही गुरुवारचा तो प्रसंग वाचून मी आमच्या बोर्डावरचे मागचे दोन आठवडे उघडून पाहिले. साडेदहा ते दोन या वेळेत ज्यांचा क्रम बदलला अशी सहा तिकिटे सापडली, आणि त्यांपैकी चार तिकिटांवर दुसऱ्या पाळीने जुन्याच क्रमाने काम सुरू केलेले होते. हे मला माहीत नव्हते.

सोमवारपासून स्टँडअप 2:30 ला घेतो. वरिष्ठांना साडेदहाला मी रात्रीच्या नोंदीवरून सांगेन, आणि पहिल्या आठवड्यात ती नोंद मीच वाचेन. नोव्हेंबरमध्ये आमचीही पाळी तीनला सुरू होते. तेव्हा साडेतीनला सरकायचे की नाही, हे मी टीमला विचारणार आहे. येथे एकमत होईल असे मला दिसत नाही.

दिवसपाळीचा डेव्हलपर, जळगाव
साडेतीनला माझा विरोध आत्ताच नोंदवून ठेवा.