मदत हवी आहे: मिड-सेमच्या एका मार्काबद्दल सरांना ईमेल, मसुदा बघून द्याल का?

ऐरोलीकर
ठाण्यात बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. कॅल्क्युलसच्या मिड-सेमचे पेपर सरांनी वर्गात दाखवले, फोटो काढू दिले आणि शंका शुक्रवारपर्यंत ईमेलनं कळवा म्हणाले. एका प्रश्नात 4 पैकी 3 आहेत आणि तो एक मार्क का गेला ते कळत नाही. सर मराठीच आहेत, वर्गातही अर्धं मराठीतच शिकवतात, म्हणून ईमेल मराठीत लिहितोय. सर कडक आहेत, तेव्हा उद्धट वाटणार नाही ना, एवढं सांगा.

प्रश्न असा होता: f(x) = √(1 − x²) ला [−1, 1] वर रोलचं थिअरम लागू पडतं का ते तपासा; पडत असेल तर c काढा.

माझं उत्तर:

```
1) 1 − x² polynomial, म्हणून f [−1, 1] वर continuous
2) f'(x) = −x/√(1 − x²), (−1, 1) मध्ये exists
3) f(−1) = f(1) = 0
4) f'(c) = 0, म्हणून c = 0, आणि 0 ∈ (−1, 1)
```

समासात लाल पेननं "x = ±1 ?" असं लिहिलंय. मसुदा खाली:

"आदरणीय सर, आपला अमूल्य वेळ घेतल्याबद्दल प्रथम मी आपली मनापासून क्षमा मागतो. सर, मी आपला नम्र विद्यार्थी असून मला आपल्या तपासणीवर मुळीच संशय नाही. परंतु प्रश्न 3 (ब) मध्ये माझा एक गुण चुकून कापला गेला असावा असे मला नम्रपणे वाटते. थिअरममध्ये ओपन इंटरव्हल आहे, त्यामुळे x = ±1 ला डेरिव्हेटिव्ह नसला तरी चालते, असे पुस्तकातही दिले आहे. माझ्या मित्राचे उत्तर हुबेहूब असेच असून त्याला 4 गुण आहेत. तरी कृपया एक गुण वाढवून मिळावा, ही नम्र विनंती. सोबत उत्तर जोडले आहे."

सानपाडा_फास्ट
मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. भावा, पाठवू नकोस, सर बरोबर आहेत. x = 1 टाक, खाली शून्य येतं. तिथे डेरिव्हेटिव्हच नाही, मग थिअरम लागू कसं पडेल? उलट 3 दिले म्हणजे सर दयाळू आहेत. ईमेल केलास तर आहेत तेही जातील.

नौपाडा_काका
बाळा, ईमेलनं काही होत नसतं. आधी उत्तरपत्रिकेच्या फोटोकॉपीसाठी अर्ज कर, मग पुनर्मूल्यांकनाचा फॉर्म भर. आमच्या वेळी मॅथ्स-2 ला मी चार मार्कांनी राहिलो होतो. फॉर्म भरला, निकाल आला तेव्हा पुढची परीक्षा होऊनही गेली होती. पावती मात्र जपून ठेव, तीच मागतात.

ऐरोलीकर
काका, ही विद्यापीठाची परीक्षा नाही, कॉलेजची मिड-सेम आहे. सरच तपासतात आणि सरच मार्क बदलू शकतात. फॉर्म वगैरे काही नाही.

नौपाडा_काका
असं होय. मग प्रत्यक्ष जाऊन भेट की. पण पावतीचं लक्षात ठेव, पुढे उपयोगी पडेल.

खडूची_धूळ
नवी मुंबईत गणित शिकवते, असे ईमेल मलाही येतात.

सानपाडा, टोकाला डेरिव्हेटिव्ह नाही हे तुझं म्हणणं खरं आहे. x = 1 च्या अलीकडे h अंतरावरचा बिंदू घेतला तर उतार −√(2h − h²)/h येतो, आणि h शून्याकडे नेला की तो −∞ कडे जातो. अर्धवर्तुळ तिथे उभं होतं. पण थिअरमला तो उतार लागतच नाही. सिद्धता आठव: बंद इंटरव्हलवर कंटिन्युअस फंक्शनला कमाल आणि किमान किंमत मिळतेच. दोन्ही टोकांना किंमत सारखी असेल आणि फंक्शन स्थिर नसेल, तर त्यातली निदान एक किंमत आत कुठेतरी मिळते, आणि तिथे डेरिव्हेटिव्ह शून्य. या सगळ्यात टोकाच्या डेरिव्हेटिव्हला कुणी हात लावला का? टोकांवर लागते ती कंटिन्युइटी. ती काढून घेतली तर थिअरम कोसळतं: 0 पासून 1 च्या अलीकडेपर्यंत f(x) = x घे आणि f(1) = 0 ठेव. दोन्ही टोकांना 0, आत सगळीकडे उतार 1, आणि c कुठेच नाही.

(रोलनं 1691 मध्ये हे पॉलिनोमियलसाठीच दाखवलं होतं. तिथे टोकांची ही भानगड मुळातच नाही.)

आता ऐरोलीकर, तुझ्या ईमेलकडे. तुला 3 मार्क मिळालेत. टोकाला डेरिव्हेटिव्ह नाही म्हणून थिअरम लागू नाही, असं सरांचं मत असतं तर त्यांनी c = 0 ला मार्क दिला असता का? मग "x = ±1 ?" ही खूण डेरिव्हेटिव्हबद्दलच आहे हे तू कशावरून ठरवलंस? खूण नेमकी कोणत्या ओळीसमोर आहे?

ऐरोलीकर
फोटो मोठा करून बघितला, मॅडम. पहिल्या आणि दुसऱ्या ओळीच्या मधे आहे. प्रश्नचिन्ह जरा वर, पहिल्या ओळीकडे.

खडूची_धूळ
मला तीच शंका होती. तुझी पहिली ओळ कच्ची आहे. वर्गमुळाखाली पॉलिनोमियल आहे एवढ्यानं f कंटिन्युअस ठरत नाही. 1 − x² या इंटरव्हलमध्ये ऋण होत नाही, हे म्हणायला हवं. टोकांवर एकाच बाजूनं जाता येतं, म्हणून 1 ला डावीकडून आणि −1 ला उजवीकडून लिमिट 0 येतं आणि तीच f ची किंमत आहे, ही एक ओळ काही शिक्षकांना हवी असते. "±1 ?" चा अर्थ तोही असू शकतो. तसं असेल तर तुझा ईमेल सरांनी न काढलेल्या मुद्द्यावर वाद घालतोय, आणि ज्या ओळीत खरी उणीव आहे तिच्याबद्दल त्यात एक अक्षर नाही.

म्हणून "गुण चुकून कापला" आणि "वाढवून मिळावा", दोन्ही काढ. खूण कशाबद्दल आहे ते विचार, आणि डेरिव्हेटिव्हबद्दलची तुझी समजूत एका वाक्यात सांग. खूण खरंच त्याबद्दल असेल तर सरांच्या ते लगेच ध्यानात येईल, पुस्तकाचा दाखला द्यावा लागणार नाही.

मित्राचं वाक्य आजच काढून टाक. तसा ईमेल आला की मी आधी त्या मित्राचा पेपर मागवते, आणि पहिली ओळ दोघांची सारखीच कच्ची असेल तर 4 कुणाचे उतरतील ते तूच सांग.

मीठभाकर
मॅडमशी सहमत, फक्त एक. चार मार्कांच्या प्रश्नात चार ओळी, प्रत्येकीला एक मार्क, असा सरळ हिशेब दिसतोय. त्यात पहिल्या ओळीला डावीकडून-उजवीकडून लिमिट मागणं जरा जास्तच आहे. आमच्या वर्गात "कंटिन्युअस" एवढा शब्द लिहिला तरी पूर्ण मार्क मिळायचा.

आणि ते "नम्र" तीनदा आलंय. क्षमा मागण्यातच पहिली दोन वाक्यं गेली, सरांना प्रश्न क्रमांक तिसऱ्या वाक्यात कळतो. शंका कळवा असं त्यांनीच सांगितलंय, मग क्षमा कसली?

खडूची_धूळ
मार्क कापावा की नाही यावर आमच्या स्टाफरूममध्येही एकमत होणार नाही. मी अर्धा कापला असता. पण अर्धा मार्क देतात की नाही, हे प्रत्येक कॉलेजचं वेगळं.

ऐरोलीकर
मॅडम, उत्तर कसं जोडू? मी ते स्वच्छ अक्षरात पुन्हा लिहून काढलं होतं, तेच जोडणार होतो. त्यात 1 − x² ≥ 0 पण घातलंय.

खडूची_धूळ
एकटं ते मुळीच नको. तपासलेल्या पेपरात नसलेली ओळ जोडलेल्या कागदात दिसली की सरांना वाटेल, हा मूळ उत्तरच बदलून दाखवतोय. तुझा हेतू तसा नसला तरी. तपासलेल्या पानाचा फोटो जसाच्या तसा दे: लाल खूण, समास आणि वरचा प्रश्न क्रमांक दिसला पाहिजे, कडा कापू नकोस, त्यावर बाण किंवा गोल काढू नकोस. घरी लिहिलेलं द्यायचंच तर दुसऱ्या पानावर, आणि वर "परीक्षेनंतर लिहिलेले" असं स्पष्ट. दोन्हींची एकच पीडीएफ कर. फाइलच्या नावात रोल नंबर आणि प्रश्न क्रमांक घाल; IMG_ नं सुरू होणाऱ्या फायली कुणाच्या ते माझ्या तर कधीच लक्षात राहत नाही.

ऐरोलीकर
नवीन मसुदा:

"विषय: कॅल्क्युलस मिड-सेम, प्र. 3 (ब), शंका – डिव्हिजन व रोल नंबर

नमस्कार सर,

प्र. 3 (ब) मध्ये मला 4 पैकी 3 गुण आहेत. पहिल्या दोन ओळींच्या मधे समासात 'x = ±1 ?' अशी खूण आहे. ती टोकांवरच्या कंटिन्युइटीबद्दल आहे की डेरिव्हेटिव्हबद्दल, हे मला कळले नाही.

थिअरमसाठी डेरिव्हेटिव्ह फक्त (−1, 1) मध्ये असावा लागतो अशी माझी समजूत आहे, म्हणून दुसऱ्या ओळीत मी ±1 चा विचार केला नाही. खूण कंटिन्युइटीबद्दल असेल, तर पहिल्या ओळीत आणखी काय लिहायला हवे होते ते कृपया सांगावे.

सोबतच्या पीडीएफमध्ये पान 1 वर तपासलेले उत्तर जसेच्या तसे आहे. पान 2 परीक्षेनंतर लिहिलेले आहे. आपण सांगाल तेव्हा येऊन भेटू शकतो.

आपला,
(नाव)"

मीठभाकर
आता वाचावासा वाटतो. पाठव.

सानपाडा_फास्ट
पण यात मार्क मागितलाच नाहीये. सर "कंटिन्युइटीबद्दल आहे" एवढं एका ओळीत लिहून मोकळे होतील. मग काय?

खडूची_धूळ
होऊ शकतं. मग पहिली ओळ पुरेशी होती की नव्हती एवढाच प्रश्न उरेल, आणि तो समोर बसून विचारावा. ईमेलवर त्याची लांबण लागते. खूण डेरिव्हेटिव्हबद्दल निघाली तर मात्र सर बहुतेक न मागताच मार्क देतील.

ऐरोलीकर
पाठवला. उत्तर आलं की इथे टाकतो.

सानपाडा_फास्ट
मॅडम, एक विचारू? आम्हाला व्हायव्हामध्ये f(x) = √x दिलं होतं, [0, 1] वर मीन व्हॅल्यू थिअरम. शून्याला डेरिव्हेटिव्ह नाही म्हणून मी "लागू नाही" म्हणालो आणि सर काही न बोलता पुढच्या मुलाकडे गेले. म्हणजे तेही लागू होतं?

खडूची_धूळ
होतं. 0 ला √x कंटिन्युअस आहे, आत सगळीकडे डेरिव्हेटिव्ह आहे. दोन टोकं जोडणाऱ्या रेषेचा उतार 1, म्हणून 1/(2√c) = 1 सोडव. c = 1/4 येतो, आणि तो 0 आणि 1 च्या मधेच आहे.

सानपाडा_फास्ट
आलं. सर गप्प का झाले ते आत्ता कळलं.

नौपाडा_काका
ऐरोलीकर, पाठवलेल्या ईमेलची प्रिंट काढून ठेव रे.