रिस्पॉन्स म्हणजे 'प्रतिसाद', मग रिझोल्यूशनला काय म्हणावं?

खतावणी: ईआरपीच्या सपोर्ट कराराचा मराठी मसुदा तपासतेय. मुळात रिस्पॉन्स टाइम आणि रिझोल्यूशन टाइम असे दोन रकाने आहेत, पण मराठीत दोन्हींवर 'प्रतिसाद कालावधी' असंच लिहिलंय. दुसऱ्याला 'निराकरण' म्हणू की 'निवारण'?

नवशिका: 'निराकरण' म्हणा. प्रतिसाद म्हणजे तक्रार पोहोचली, निराकरण म्हणजे तिकीट बंद झालं.

रात्रपाळी: दोन्ही अर्धवट आहे. मी सपोर्ट डेस्कवरच बसतो. तक्रार पोहोचल्याची मेल यंत्र आपोआप पाठवतं. तिला प्रतिसाद म्हटलं तर १५ मिनिटांची अट कधीच मोडणार नाही. माणसाने तिकीट वाचून, तीव्रता ठरवून, काम कोणाकडे दिलंय ते कळवलं, की तो प्रतिसाद. करारात तेवढं वाक्य हवंच.

'निराकरण' तर त्याहून निसरडं. महिनाअखेरीला एका ग्राहकाची बिलं पोस्ट होईनात. एक जॉब अडकून टेबल लॉक झालं होतं. आम्ही लॉक सोडवलं, बिलं जायला लागली, ४ तासांच्या आत तिकीट बंद. प्रोग्रॅममधली चूक मात्र तशीच होती आणि पॅच येईपर्यंत तेच आणखी दोनदा झालं. कागदावर तिन्ही वेळा निराकरण वेळेत! म्हणून मी 'सेवा पूर्ववत' आणि 'कायमची दुरुस्ती' असे दोन शब्द वापरतो, दोघांना वेगळी मुदत देऊन.

गोदामवाला: आमचा स्टॉक रिपोर्ट उघडायला ४० सेकंद लागतात. हा रिस्पॉन्स टाइम करारात बसतो का?

रात्रपाळी: नाही हो, तो स्क्रीनचा वेग. इथे माणसांनी घेतलेला वेळ मोजतात. वेग हवा असेल तर त्याचं कलम वेगळं लागतं.

कलमवाचक: 'तास' शब्दाकडेही बघा. सेव्हरिटी २, मुदत ८ तास, तक्रार शुक्रवारी संध्याकाळी ५ वाजता. कामकाज सोमवार ते शुक्रवार ९ ते ६ धरलं तर शुक्रवारचा एकच तास मोजला जातो आणि मुदत सोमवारी दुपारी ४ ला संपते. नुसतं 'तास' लिहिलं तर ग्राहक रात्री १ वाजता संपली असं समजतो. शिवाय ग्राहकाकडून माहिती यायची असेल तर बहुतेक करारांत घड्याळ थांबतं.

आणि मुदत चुकली तर त्याला 'दंड' म्हणू नका. पुढच्या बिलातून ठरलेले टक्के कमी होतात, त्यालाही कमाल मर्यादा असते. 'बिलातून वजावट' म्हणा.

रात्रपाळी: मला 'दंड'च बरा वाटतो. वजावट म्हटलं की वरिष्ठांना ती सवलत वाटते.

कलमवाचक: पण काही देशांत निव्वळ शिक्षा म्हणून लावलेली रक्कम कोर्टात टिकत नाही. शब्द तिथे आडवा येऊ शकतो.

खतावणी: 'वजावट' आणि 'सेवा पूर्ववत' घेते. पण आता दिसतंय, सेव्हरिटी १ ला 'अतिगंभीर' आणि २ ला 'गंभीर' एवढंच लिहिलंय. बिलं अडकली तर कुठली, आणि ते आम्ही ठरवायचं की त्यांनी, याबद्दल मसुद्यात एक ओळही नाही.