मदत हवी आहे: अमेरिकेतल्या कॉलेजांच्या प्रवेश अर्जात, म्हणजे कॉमन ॲपमध्ये, लोकलचा प्रवास कसा लिहू?

मी बदलापूरची, बारावीत, कॉलेज माटुंग्याला. जाऊन-येऊन रोज साडेतीन तास जातात. संध्याकाळी पोळी-भाजी केंद्रात पगारी काम, आठवड्याला १५ तास. उपक्रमांचे १० रकाने, माझे भरतात दोनच.

पगारी कामाला तिथे वेगळा प्रकार आहे, म्हणून तेच पहिलं टाकलं: 'रोज ६० डब्यांची नोंद, महिन्याची उधारी वसुली, दोन नव्या मुलींना काम शिकवलं.' १५० अक्षरांत बसतं. प्रवास मात्र 'अतिरिक्त माहिती'त लिहितेय. आधी 'त्यामुळे काहीच करता आलं नाही' असं लिहिलं होतं. मलाच ते रडगाणं वाटलं. आता फक्त: 'सकाळी ५:४० ला निघते, कॉलेज करून ४ ला परत, ५ ते ८ काम.' कारण नाही, खंत नाही.

एवढं पुरे का? की प्रवासाचं समुपदेशक बाईंनीच त्यांच्या शिफारसपत्रात लिहिलेलं बरं?