मदत हवी आहे: सरांच्या पत्रासारख्या मेसेजला 'चालेल सर' म्हणून बसलोय, आता काय लिहू?

खानापूरचा_गडी
बेळगावात फ्रिज-एसी दुरुस्तीचं दुकान आहे माझं. परवा शाळेतल्या मराठीच्या सरांचा (आता निवृत्त) व्हॉट्सॲपवर मेसेज आला. मेसेज कसला, पत्रच. 'चि. अमुक यास, अनेक उत्तम आशीर्वाद. पत्रास कारण की...' अशी सुरुवात. येत्या रविवारी सकाळी दहाला माजी विद्यार्थ्यांचा मेळावा आहे, तू यावेस, आपल्या व्यवसायाविषयी दहा मिनिटे बोलावेस, आणि प्रोजेक्टरची सोय होईल का तेही कळवावे. शेवटी 'कळावे, लोभ असावा'.

मी कॉम्प्रेसर खोलून बसलेलो. हातातलं तेल पुसून 'चालेल सर. बघतो 👍' टाकलं आणि विसरलो. निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. काल सरांनी बाबांना फोन करून विचारलं, 'त्याला यायचं नाहीये का?' मला यायचंय की हो! आता दुरुस्त कसं करू? तेवढं भारी मराठी मला येत नाही.

निपाणीकर
सोपं आहे. समोरचा जसा लिहितो तसंच लिहायचं. त्यांचा मायना उचल, तोच परत लाव. शेवटी 'लोभ असावा' टाक. झालं.

टपालवाले_काका
निपाणीकर, थांबा. मायना परत लावला तर हा पोरगा सरांना 'अनेक उत्तम आशीर्वाद' देऊन बसेल! अ.उ.आ. वरून खाली जातो, खालून वर नाही. 'चि.'चंही तसंच. थोरांना जुन्या पद्धतीनं शि.सा.न.वि.वि. लिहीत, म्हणजे शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष. पण ज्यानं जन्मात लिहिलं नाही त्यानं एकदम ते लिहिलं तर सरांना थट्टा वाटेल. 'आदरणीय सर, सादर नमस्कार' पुरे. सर 'तू' म्हणतात म्हणून तूही सैल होऊ नकोस, तू 'आपण'च म्हण. आणि एकदा 'आपण' म्हटलंस की खाली 'तुम्ही सांगा' नको, 'आपण कळवावे' असंच शेवटपर्यंत.

खरी चूक अंगठ्याची नाही. 'चालेल' हा शब्द परवानगी देणाऱ्याचा. थोरानं बोलावलं आणि धाकटा 'चालेल' म्हणाला, तर यानंच मेहेरबानी केल्यासारखं होतं. आणि 'बघतो' म्हणजे आपल्याकडे निम्म्या वेळा 'नाही'च. सरांनी तीन गोष्टी विचारल्या, तुझ्या उत्तरात एकीचंही उत्तर नाही.

कॅम्पातली
मला ऑफिसात कन्नडमध्ये हाच त्रास. साहेब 'तावु' लिहितात, मी 'नीवु' लिहिते. नंतर कळलं, 'तावु' म्हणजे आपलं 'आपण'. सरकारी अर्ज कन्नडात लिहायचा नमुना आहे का कुणाकडे?

निपाणीकर
ताई, त्याला अर्ज लिहायचा नाहीये, सरांना उत्तर द्यायचंय. काका, आशीर्वादाचं मान्य. पण 'लोभ असावा' राहू दे की.

टपालवाले_काका
ते राहिलं तरी बिघडत नाही. मी 'आपला विद्यार्थी' लिहिलं असतं, नातं त्यातच आलं.

खानापूरचा_गडी
काका, असं जमतंय का बघा:

'आदरणीय सर, सादर नमस्कार. परवा कामाच्या गडबडीत निष्काळजीपणे उत्तर पाठवले, त्याबद्दल मनापासून क्षमा मागतो. माझ्याकडून असे व्हायला नको होते. मला फार वाईट वाटत आहे. रविवारी येईन. आपला विद्यार्थी'

टपालवाले_काका
'पाठवले', 'मागतो' असं लिहिलंस, बरं केलंस. बोलीतलं 'पाठवलंय' सरांच्या 'कळवावे'शेजारी उघडं पडलं असतं. पण निम्मं पत्र माफीचं झालं, आता सरांनाच तुझी समजूत काढत बसावं लागेल. आणि दहा मिनिटं, प्रोजेक्टर? ते अजून राहिलंच. माफी एका वाक्यात उरक:

'आदरणीय सर, सादर नमस्कार. परवा घाईत अपुरे उत्तर दिले, क्षमस्व. रविवारी सकाळी दहाला मी नक्की येईन आणि आपण म्हणता त्याप्रमाणे दहा मिनिटे दुकानाच्या कामाविषयी बोलेन. प्रोजेक्टर माझ्याकडे नाही. शाळेत असल्यास आपण कळवावे, नसल्यास एक जुना कॉम्प्रेसर घेऊन येईन आणि तोच दाखवीन. आपला विद्यार्थी'

कॉम्प्रेसरचं माझ्या मनाचं आहे, नको असेल तर काढ.

कॅम्पातली
एवढं लिहिण्यापेक्षा सरळ फोन करा की. 'हो री सर, येतो' म्हटलं की मिटलं.

निपाणीकर
फोनवर री चालतं, पण पत्राला पत्रानंच उत्तर द्यावं असं मला वाटतं.

टपालवाले_काका
मी म्हणेन आधी मेसेज, संध्याकाळी फोन. पण ते सर कसे आहेत हे त्यालाच ठाऊक.

खानापूरचा_गडी
पाठवला. कॉम्प्रेसर ठेवलाय. टिका निळ्या झाल्या, वर 'typing…' दिसतंय, पाच मिनिटं झाली. सर सावकाश टाइप करतात.